बेंबीभोवतीच्या शिरा का फुगल्या नाहीत?

वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेत शरीररचनाशास्त्राचा एक प्रश्न ठरलेला असतो. पन्नाशीचा, अनेक वर्षे दारू पिणारा एक माणूस अचानक रक्ताची उलटी करतो. त्याचं पोट पाण्याने फुगलेलं आहे, प्लीहा हाताला लागते आहे आणि बेंबीभोवती निळसर, नागमोडी शिरा पसरल्या आहेत. रक्त कुठून आलं आणि या शिरा कशामुळे दिसू लागल्या? अभ्यास केलेला विद्यार्थी लगेच लिहितो : पोर्टल हायपरटेन्शन, म्हणजे यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेतला वाढलेला दाब.

उत्तर बरोबर आहे. मात्र खरी समज तपासायची असेल, तर परीक्षक दुसरा रुग्ण पुढे करतो. आठ वर्षांचा मुलगा. त्यालाही रक्ताची उलटी झाली आहे, त्याचीही प्लीहा वाढलेली आहे. पण कावीळ नाही, यकृताच्या तपासण्या जवळजवळ सामान्य आहेत आणि बेंबीभोवती एकही शीर फुगलेली नाही. दाब याच्याही शरीरात वाढला आहे. मग बेंबी का सुटली?

उत्तरासाठी रक्ताची वाट पाहावी लागते. शरीरातल्या बहुतेक भागांतलं अशुद्ध रक्त शिरांवाटे सरळ हृदयाकडे जातं. जठर, आतडी, स्वादुपिंड आणि प्लीहा यांचं रक्त मात्र आधी यकृतात जातं. हे रक्त गोळा करणारी पोर्टल व्हेन स्वादुपिंडाच्या मानेमागे तयार होते. तिथे प्लीहेकडून येणारी आणि आतड्यांकडून येणारी अशा दोन शिरा एकत्र येतात. जेमतेम आठ सेंटिमीटर लांबीची ही शीर यकृताच्या दाराशी पोहोचून उजव्या आणि डाव्या फांदीत विभागते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त तीच पुरवते. यकृतातून गाळून निघालेलं रक्त मग हृदयाकडे जातं.

पायांतल्या शिरांमध्ये रक्त मागे फिरू नये म्हणून झडपा असतात. मोठ्या माणसाच्या पोर्टल व्हेनमध्ये आणि तिला मिळणाऱ्या शिरांमध्ये कामाच्या झडपा नसतात. त्यामुळे पुढे अडथळा आला की रक्त उलट्या दिशेने वाहू शकतं. असं मागे फिरलेलं रक्त वाट शोधतं ती पोर्टल शिरा आणि हृदयाकडे थेट जाणाऱ्या शिरा जिथे एकमेकींना भेटतात तिथे. या जोडांना पोर्टोसिस्टेमिक अ‍ॅनास्टोमोसिस म्हणतात. एरवी हे जोड इतके बारीक असतात की त्यांचं अस्तित्वही जाणवत नाही.

सगळ्यात घातक जोड अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला आहे. तिथलं काही रक्त डाव्या गॅस्ट्रिक शिरेतून पोर्टल व्हेनकडे जातं आणि काही अ‍ॅझायगस शिरेतून वर, छातीतल्या महाशिरेकडे. पोर्टल बाजूचा दाब वाढला की गॅस्ट्रिक शिरेतलं रक्त उलट फिरून अन्ननलिकेच्या शिरांत घुसतं. जठराजवळच्या त्या शेवटच्या काही सेंटिमीटरांत शिरा अस्तराच्या अगदी वरच्या थरात असतात. आजूबाजूला त्यांना आवळून धरणारं फारसं काही नसतं. त्या फुगतात, भिंत पातळ होते आणि एक दिवस फुटतात. यांनाच इसोफेजियल व्हेरिसेस म्हणतात. परीक्षेत ‘रक्तस्राव कोणत्या शिरेशी निगडित’ असं विचारलं, तर पोर्टल बाजूचं उत्तर डावी गॅस्ट्रिक शीर हेच असतं.

सिऱ्होसिसच्या रुग्णांत दाबाचा अंदाज घेण्यासाठी यकृताच्या शिरेत नळी घालून मोजमाप करतात. यकृताच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक निरोगी माणसात १ ते ५ मिलिमीटर पारा इतकाच असतो. तो १० पर्यंत गेला की व्हेरिसेस तयार होण्याची शक्यता वाढते आणि १२ च्या पुढे त्या फुटण्याचा धोका येतो.

दुसरा जोड बेंबीपाशी आहे. गर्भात असताना नाळेतून येणारी शीर पोर्टल व्हेनच्या डाव्या फांदीला मिळत असे. जन्मानंतर ती बंद होऊन तिची दोरी उरते. त्या दोरीच्या सोबतीने धावणाऱ्या बारीक पॅराअम्बिलिकल शिरा मात्र डाव्या फांदीला बेंबीभोवतीच्या त्वचेखालच्या शिरांशी जोडून ठेवतात. सिऱ्होसिसमध्ये यकृताच्या आत तंतू साचून वाट अरुंद होते. अडथळा आत असल्याने डावी फांदी रक्ताने तुडुंब भरते आणि रक्त या वाटेने बेंबीकडे धावतं. तिथून चहूबाजूंना पसरलेल्या शिरा दिसतात, तेच कॅपट मेड्युसी. पहिल्या रुग्णाच्या पोटावर दिसलं ते हेच.

आता त्या मुलाकडे. त्याच्या पोर्टल व्हेनमध्येच, यकृताच्या बाहेर, गुठळी होऊन वाट बंद झाली आहे. भारतात मुलांमधल्या पोर्टल हायपरटेन्शनचं हे एक प्रमुख कारण आहे. काहींत नवजात अवस्थेत बेंबीत झालेला जंतुसंसर्ग कारणीभूत असतो, अनेकांत कारण सापडतच नाही. अडथळा डाव्या फांदीच्या अलीकडे असल्यामुळे दाबाचं रक्त तिथवर पोहोचतच नाही, आणि पॅराअम्बिलिकल शिरांना जास्तीचं रक्त मिळत नाही. गॅस्ट्रिक शीर मात्र अडथळ्याच्या अलीकडे आहे. म्हणून अन्ननलिका फुटते आणि बेंबी शांत राहते. यकृत निरोगी असल्याने वर सांगितलेलं मोजमापही या मुलात सामान्य येऊ शकतं. दाब वाढला नाही, असा निष्कर्ष त्यावरून काढला तर तो चुकतो.

पोटावर शिरा दिसल्या की प्रत्येक वेळी दोष पोर्टल व्हेनचाच असतो, असंही नाही. पोटातली खालची महाशीर बंद झाली तरी पोटावर शिरा फुगतात, मात्र बहुधा कुशींच्या बाजूला. फरक ओळखायला बेंबीखालची शीर निवडावी. दोन बोटं शेजारी ठेवून एकमेकांपासून लांब सरकवत शीर रिकामी करायची, मग एक बोट उचलून ती भरते का पाहायचं, आणि नंतर हीच कृती दुसरं बोट उचलून करायची. कॅपट मेड्युसीत रक्त बेंबीपासून खाली, पायांकडे जातं. महाशीर बंद असेल तर ते खालून वर चढतं. बेंबीच्या वरच्या शिरांत दोन्ही विकारांत रक्त वरच जातं. त्यामुळे तिथे तपासून काही कळत नाही.

आणखी एक चूक उत्तरपत्रिकांत वारंवार दिसते. गुदाशयातही असा जोड आहे, म्हणून विद्यार्थी मूळव्याधीला पोर्टल हायपरटेन्शनचं लक्षण म्हणतात. साध्या मूळव्याधीचा या दाबाशी सहसा संबंध नसतो. गुदाशयातल्या व्हेरिसेस ही वेगळी गोष्ट आहे.

दोन्ही रुग्णांत फुटलेल्या शिरांना दुर्बिणीतून रबरी कडी घालून रक्त थांबवता येतं. मुलाच्या बाबतीत आणखी एक मार्ग असतो. शल्यविशारद त्याच्याच मानेतली शीर घेऊन तिने आतड्यांकडची मोठी शीर पोर्टल व्हेनच्या डाव्या फांदीला जोडतात. यकृतातली ती फांदी उघडी असेल तरच हे शक्य होतं, म्हणून आधी तिची तपासणी करतात. जोड टिकला तर आतड्यांचं रक्त पुन्हा यकृतातून जाऊ लागतं आणि अन्ननलिकेतल्या शिरांवरचा ताण उतरतो.