रात्रीची पाळी दिवसा ठरवावी

बाळ पाच-सहा आठवड्यांचं होतं आणि रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला रडायला लागतं. दूध पिऊन झालेलं असतं, लंगोट कोरडा असतो, अंगात ताप नसतो. तरी मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन ते दहा-अकरापर्यंत रडतं. घरात मग कारण शोधणं सुरू होतं आणि बहुतेक वेळा ते कुणा तरी माणसावर येऊन थांबतं. ‘दुपारी काय खाल्लंस?’ ‘तुला त्याला नीट धरताच येत नाही.’ ‘ढेकर काढली होती का?’

डॉक्टर याला कॉलिक म्हणतात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसेल यांनी 1954 मध्ये त्याची खूण सांगितली. एरवी निरोगी, नीट वाढणारं बाळ दिवसातून तीन तासांहून जास्त, आठवड्यातून तीनहून जास्त दिवस, तीन आठवड्यांहून जास्त काळ रडत असेल तर ते कॉलिक. पुढे 1962 मध्ये बेरी ब्रेझल्टन यांनी आयांना बाळाच्या रडण्याच्या रोजच्या नोंदी ठेवायला सांगितलं. सहाव्या आठवड्याच्या आसपास अगदी साधारण बाळंही दिवसाला सुमारे पावणेतीन तास रडत होती. रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढतं, सहाव्याच्या सुमारास टोकाला जातं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत ओसरतं. बाळ लवकर जन्मलेलं असेल तर हे आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे लागतात. काही थोड्या बाळांना गाईच्या दुधातली प्रथिनं सोसत नाहीत. बाकीच्यांच्या रडण्याचं एक असं नेमकं कारण अजून हाती लागलेलं नाही. म्हणून आईचं जेवण एकेक पदार्थ गाळत वरणभातावर आणून ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. त्या दिवसांत तिला उलट जास्त अन्न लागतं.

जे रडणं थांबवता येत नाही ते वाटून घ्यावं लागतं. वाटणीचा हेतू मात्र समान कष्ट हा नसावा, प्रत्येकाला सलग चार-पाच तास झोप मिळावी हा असावा. अर्ध्या-अर्ध्या तासाने दोघंही उठत राहिली तर सकाळी दोघंही निकामी होतात.

एका खोलीचा फ्लॅट आहे, आई अंगावर पाजते आणि वडिलांना सकाळी नऊला निघायचं आहे, असं धरू. आई नऊला पाजून आतल्या खोलीत दार लावून झोपते. बाळ हॉलमध्ये वडिलांकडे. त्याला खांद्यावर घेऊन फिरणं, पंख्याचा एकसुरी आवाज, कोमट पाण्याने अंग पुसणं, जे सुचेल ते वडील करतात. बाराच्या सुमाराचं एक पाजणं त्यांच्याकडे येतं. संध्याकाळी काढून फ्रीजमध्ये ठेवलेलं आईचं दूध गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट करायचं आणि पालदाईने पाजायचं. दूध काढणं जमत नसेल तर बाळाला आईच्या कुशीत द्यावं आणि पाजून होताच उचलून न्यावं. ढेकर, लंगोट, झोपवणं वडिलांचंच. दीड-दोनला पाळी बदलते आणि वडील सहा-साडेसहापर्यंत झोपतात. पाळीवर असलेल्याने बाळाला घेऊन सोफ्यावर आडवं होऊ नये. तिथे डुलकी लागली तर बाळाचा श्वास कोंडू शकतो.

हे सगळं दुपारी, डोकं शांत असताना ठरवावं. रात्री दोनला केलेल्या वाटाघाटी भांडणातच संपतात. बाळ हातात देताना तीनच गोष्टी सांगायच्या: शेवटचं कधी प्यायलं, लंगोट कधी बदलला, आत्ता काय करून पाहिलं. त्यानंतर ज्याची पाळी त्याचा निर्णय. झोपायला गेलेल्याने आतून सूचना द्यायच्या नाहीत. हे आईला फार जड जातं, कारण रडणं ऐकून तिला पान्हा फुटतो. पण ती दर वेळी धावत बाहेर आली तर वडिलांना बाळ शांत करण्याची स्वतःची रीत कधी सापडणारच नाही. आजी घरी असेल तर पहाटेचा एखादा तास तिला द्यावा. तिच्या तासात तिची अंगाई, तिची पद्धत.

पाळीवर असताना राग अंगात चढू लागला, हात घट्ट होऊ लागले, की बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवून पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जावं. तेवढं एकटं रडून त्याला काही होत नाही. रागात गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आणि अशा वेळी दुसऱ्याला पाळीआधी उठवलं तर त्याने ‘आत्ताच?’ म्हणू नये.

काही रडणी पाळीत बसवायची नसतात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, शौचात रक्त, फुगलेली टाळू, जांघेत कडक गाठ, पिणं बंद, सुस्ती किंवा एरवीपेक्षा वेगळं, किंचाळल्यासारखं रडणं यांपैकी काही दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे जावं. अचानक सुरू झालेल्या रडण्यात बाळाची बोटंही एकेक करून पाहावीत. आईचा गळालेला केस बोटाभोवती आवळून बसलेला असू शकतो.