मागे रेंगाळणारा हात

गेममधले पात्र हात उडवते आणि त्या हाताचे पुसट ठसे क्षणभर हवेतच राहतात. वाऱ्यावर डुलणाऱ्या झाडाची पाने कुणीतरी बोट फिरवून फासल्यासारखी दिसतात. गेम खेळणारे याला ‘घोस्टिंग’ आणि ‘स्मीअरिंग’ म्हणतात. दोष बहुतेकदा ग्राफिक्स कार्डाच्या माथी मारला जातो. पण कार्डाला चुकीची माहिती मिळाली असेल, तर ते बिचारे काय करणार?

पडदा चौकोनी पिक्सेलांचा असल्यामुळे तिरक्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या दिसतात. त्या मऊ करण्याची आज सर्वाधिक वापरात असलेली पद्धत म्हणजे टेम्पोरल अँटी-एलियासिंग, थोडक्यात टीएए. यात कॅमेरा प्रत्येक फ्रेमला पिक्सेलच्या आतल्या आत किंचित सरकवतात आणि नवे चित्र आधीच्या साठवलेल्या चित्रात मिसळतात. नव्याचा वाटा साधारण १० टक्के, जुन्याचा ९०. दृश्य स्थिर असेल तर काही फ्रेममध्येच कड गुळगुळीत होते.

वस्तू हलत असेल तर मात्र एक प्रश्न आधी सोडवावा लागतो: या पिक्सेलवर आता जे दिसते आहे, ते मागच्या फ्रेममध्ये कुठे होते? त्याचे उत्तर म्हणजे मोशन व्हेक्टर. फक्त कॅमेरा फिरला असेल, तर पिक्सेलची खोली आणि कॅमेऱ्याची आधीची जागा यांवरून उत्तर निघते. अख्खी गाडी पुढे गेली, तर गाडीची आधीची जागाही लक्षात ठेवावी लागते. खरी अडचण येते ती जागेवर उभे राहून हात हलवणाऱ्या पात्राची. त्याची ‘जागा’ बदललेलीच नसते. आतल्या हाडांच्या सांगाड्यानुसार कातडीचे बिंदू तेवढे सरकलेले असतात. झाडाच्या पानांचेही तसेच. त्यांचे बिंदू वाऱ्याच्या सूत्राने ऐनवेळी हलवले जातात आणि इंजिनाच्या लेखी झाड ढिम्म उभे असते.

अशा वेळी मोशन व्हेक्टर नुसता गैरहजर नसतो. त्याच्या जागी शून्य येते, म्हणजे ‘हा हात हललाच नाही’ अशी खोटी साक्ष मिळते. समजा, हात फ्रेममागे १२ पिक्सेल सरकतो आहे. हाताने रिकाम्या केलेल्या जागी पार्श्वभूमी दिसायला हवी, पण तिथल्या जुन्या चित्रात हातच असतो. कोणतीही दुरुस्ती नसेल तर ७ फ्रेमनंतरही त्याचा सुमारे ४८ टक्के ठसा उरतो आणि तो १० टक्क्यांवर यायला २२ फ्रेम लागतात. सेकंदाला ६० फ्रेमच्या वेगाने हा एक तृतीयांश सेकंदाहून जास्त वेळ झाला. तोवर हात २६४ पिक्सेल पुढे गेलेला असतो.

यावर एक पहारेकरी बसवलेला असतो. जुना रंग आसपासच्या ९ पिक्सेलांच्या नव्या रंगांत बसत नसेल, तर त्याला ओढून त्या मर्यादेत आणतात. निरभ्र आकाशापुढचा हात यामुळे बराच साफ दिसतो. पण झाडीत गडद हिरवा आणि उजळ आकाशी हे दोन्ही रंग शेजारीच असल्याने जुने भूत बिनबोभाट आत शिरते. म्हणूनच पानांमध्ये हा दोष सर्वात चिवट असतो.

तो ओळखायचा कसा? कॅमेरा स्थिर ठेवून फक्त पात्र हलवावे आणि इंजिनातले मोशन व्हेक्टरचे दृश्य उघडावे. हलणारा हात तिथे पार्श्वभूमीसारखाच कोरा दिसला, तर चोर सापडला. हाताला रंग असूनही ठसे उमटत असतील, तर कारण दुसरीकडे शोधावे.

उपाय तत्त्वतः सोपा आहे: प्रत्येक बिंदूची आजची आणि मागच्या फ्रेमची, अशा दोन्ही जागा काढायच्या. पात्रासाठी हाडांची आधीची स्थिती जपून ठेवावी लागते. युनिटीत त्यासाठी `Skinned Motion Vectors` हा पर्याय असतो. तो चालू केला की कातडीच्या माहितीला दुप्पट मेमरी लागते. झाडासाठी वाऱ्याचे तेच सूत्र मागच्या फ्रेमची वेळ घालून पुन्हा चालवायचे. अनरियलमध्ये या कामासाठी `PreviousFrameSwitch` नावाचा नोड आहे. गवताच्या हजारो पात्यांसाठी हे दुहेरी गणित महाग पडते, म्हणून दूरच्या गवताला ते वगळण्याची तडजोड करतात.

एवढे करूनही हात बाजूला झाल्यावर उघडी पडलेली भिंत उरतेच. ती मागच्या फ्रेममध्ये झाकलेली असल्याने तिला इतिहासच नसतो. तिथे पहारेकऱ्यावरच भिस्त ठेवावी लागते. काच आणि धूर यांच्या आरपार मागचे दिसते, पण एका पिक्सेलला व्हेक्टर एकच. त्यामुळे तेही पुरते सुटत नाहीत.

टीएए बंद केला की ठसे जातात, पण दातेरी कडा परत येतात. शिवाय कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करणाऱ्या एफएसआर २ सारख्या पद्धतींनाही हेच मोशन व्हेक्टर लागतात. त्यामुळे ते चुकीचे ठेवून नुसती पद्धत बदलली, तर हाताचे ठसे तिथेही उमटतात.