फोटो काढणारीच फोटोत का नसते?

बारशाचे, मुंजीचे, गणपतीचे अल्बम चाळताना काही घरांत एक गंमत दिसते. एखाद्या वर्षापासून घरातली एक व्यक्ती फोटोंतून हळूहळू नाहीशी होत जाते. आधी ती मागच्या रांगेत जाते, मग कडेवर मूल घेऊन त्याच्याआड उभी राहते, मग ओढणी किंवा पर्स पोटासमोर येते. पुढे तर ती दिसतच नाही, कारण मोबाइल तिच्याच हातात असतो. ‘तुम्ही उभे राहा, मी काढते’ हे तिचे ठरलेले वाक्य होऊन बसते. घरच्यांना वाटते, हिला फोटो काढण्याची हौस आहे.

समुपदेशकांकडे येणाऱ्या अनेकांच्या हकिगतींतून जुळवलेले एक प्रातिनिधिक उदाहरण पाहू. ठाण्यात राहणारी, बँकेत नोकरी करणारी चौतिशीतली स्त्री. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन वर्षांत तिचे वजन ५८ किलोंवरून ७४ वर गेले. तपासणीत थायरॉइड निघाला, गोळी सुरू झाली. गोळीने वजन झपाट्याने उतरेल अशी तिची अपेक्षा होती. प्रत्यक्षात थायरॉइड मंदावल्यामुळे वाढणारे वजन सहसा दोन-चार किलोंचे असते, आणि त्यातला बराच भाग शरीरात साठलेल्या पाण्याचा नि क्षाराचा. बाकीचे वजन जागचे हलले नाही. तोवर ‘अंगाने भरलीस हं’, ‘संसार मानवला वाटतं’ असे शेरे येऊन गेले होते. नणंदेच्या लग्नासाठी जुन्या पैठणीवरचा ब्लाउज उसवून सैल करायला दिला, तर शिंप्याने आतली सगळी शिलाई सोडूनही तो बसेना. त्या लग्नाच्या एकाही फोटोत ती नाही.

इथवरची गोष्ट पुष्कळांना ओळखीची वाटेल. पुढची सहसा सांगितली जात नाही. ती न्हाणीघराची कडी लावून कपडे बदलू लागली. रात्री लहान मूल दोघांच्या मधे झोपू लागले. नवऱ्याने कमरेभोवती हात टाकला की ती पोट आत ओढायची आणि काहीतरी काम आठवल्यासारखी उठून जायची. महिन्याभराने त्याने हात टाकणे सोडले. तिने त्याचा अर्थ लावला: आता त्यालाही मी नकोशी झाले. त्याने लावलेला अर्थ वेगळा होता: हिचे माझ्यावर काहीतरी बिनसले आहे, आणि विचारले तर भांडण होईल.

फोटो टाळणे आणि नवऱ्यापासून दूर सरकणे हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण त्यांचे यंत्र एकच आहे. देहाविषयीचे अवघडलेपण असह्य झाले की माणूस तो प्रसंगच टाळतो. टाळल्याबरोबर सुटल्यासारखे वाटते, आणि ही सुटका खरी असते. घोटाळा तिच्यातच आहे. आपण फोटोत उभे राहिलो असतो तर नेमके काय झाले असते, हे कळण्याची संधीच त्या सुटकेपायी जाते. भीती तपासलीच जात नाही, म्हणून ती पुढच्या खेपेला थोडी मोठी होऊन येते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स रोझेन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये असे टाळणे मोजण्यासाठी १९ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. त्यात ‘तुम्ही स्वतःला जाड समजता का’ यापेक्षा वागण्यावर भर आहे: ढगळ कपडे घालता का, लोकांत जाणे टाळता का, जवळीक टाळता का. मन काय म्हणते यापेक्षा माणूस काय करायचे सोडून देतो, यावरून त्रासाची खोली जास्त चांगली कळते.

‘वजन उतरले की सगळे सुरळीत होईल’ हा तिचा हिशेब होता, आणि बहुतेकांचा हाच असतो. तो फारसा भरवशाचा नाही. वजन खूप कमी केलेल्या अनेकांना पुढे कितीतरी काळ आपण जाडच आहोत असे वाटत राहते. इंग्रजीत याला ‘फँटम फॅट’ म्हणतात. माणूस दुकानात सवयीने सर्वांत मोठ्या मापाचा शर्ट मागतो, बसमधल्या अरुंद जागेत आपण मावणार नाही असे धरून उभाच राहतो. वजन काट्यावर उतरले तरी मनातली आकृती त्याच वेगाने बदलत नाही. शिवाय लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेनंतर लोंबणारी कातडी उरली की लाजेला नवे ठिकाण मिळते. मधुमेहाने किंवा क्षयाने वाळलेल्या पुरुषांचे तर बोलणेच होत नाही. ‘काय, बरं नाही का?’ या एका प्रश्नाच्या भीतीने तेही लग्नकार्यांतून अंग काढतात.

आता फोटोकडे वळू. आरशात आपण रोज स्वतःची डावी-उजवी उलटलेली प्रतिमा पाहतो. फोटोत दिसतो तो इतरांना दिसणारा चेहरा. १९७७ मध्ये मीटा, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी काही स्त्रियांना स्वतःच्याच फोटोच्या दोन प्रती दाखवल्या, एक सरळ आणि एक आरशासारखी उलटी. त्यांना स्वतःची उलटी प्रत अधिक आवडली, तर त्यांच्या जवळच्या माणसांना सरळ प्रत. ज्याला जे पाहायची सवय, त्याला ते बरे वाटते. आरशासमोर तर आपण नकळत मान उंचावतो, पोट आवळतो, बरा कोन शोधतो. फोटोला ही सवलत नाही. घास घेताना, हसताना, वाकताना तो क्षण गोठवतो. त्यात हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत लेन्सच्या सर्वांत जवळचा भाग, म्हणजे नाक, फुगून दिसतो. वर्षाकाठी असे दोनच फोटो पाहणाऱ्याला दोन्ही धक्कादायक वाटणार, यात नवल ते काय?

यावरचा उपाय वर्तनोपचारातला आहे: टाळलेल्या गोष्टीकडे पायरीपायरीने परत जाणे. ठाण्याच्या आपल्या बाईंना हे असे करायला सांगितले जाते. पहिल्या पायरीवर, घरच्याच माणसाने सहा-सात फुटांवरून, मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्याने चार-पाच फोटो काढायचे. ते लगेच पाहायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी एकच फोटो उघडायचा. आधी आजूबाजूचे पाहायचे: कोण आहे, कुठली जागा, काय चालले आहे. मग स्वतःचा चेहरा, मग देह. वर्णन करायचे, निकाल द्यायचा नाही. ‘हनुवटीखाली घडी आहे, साडी निळी आहे, मुलगी मला टेकून बसली आहे’ हे वर्णन; ‘शी, काय हे ध्यान’ हा निकाल. अस्वस्थतेला शंभरपैकी गुण द्यायचे आणि ती थोडी खाली येईपर्यंत फोटो मिटायचा नाही. तोच फोटो आणखी काही दिवस पाहायचा. सुरुवातीला ८० असलेला आकडा हळूहळू उतरू लागला, तर पुढची पायरी: घरच्यांबरोबरचा फोटो, मग समारंभातला, आणि शेवटी दुसऱ्याने काढून न विचारता कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलेला.

बहुतेकांचे चुकते ते झूम करण्यात. बोटांनी फोटो ताणून फक्त दंड किंवा पोट पाहिले, तर तो सराव न राहता स्वतःची उलटतपासणी होते. फिल्टर लावणे, किंवा चाळीस फोटो काढून त्यातला एक ठेवणे, हेही टाळणेच, फक्त कष्टाचे.

नवरा-बायकोमधले अंतर मिटवायला मात्र एकट्याचा सराव पुरत नाही. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकी संशोधक जोडीने १९७० मध्ये शय्यागृहातल्या एका अडचणीचे वर्णन केले होते: जवळीक चालू असताना माणूस त्यात नसतोच, प्रेक्षक बनून स्वतःलाच बाहेरून बघत असतो. आत्ता पोट कसे दिसत असेल, दिवा चालू आहे का, त्याचा हात कुठे लागला, यातच सारे लक्ष गुंतल्यावर सुख कुठून जाणवणार? त्यांनी सुचवलेला स्पर्शाचा क्रम आजही वापरला जातो. काही आठवडे शरीरसंबंध ठेवायचा नाही असे दोघांनी आधीच ठरवायचे. मग ठरावीक वेळी आळीपाळीने फक्त हात, पाठ, खांदे, पाय यांना स्पर्श करायचा आणि तो ऊबदार वाटतो की गार, हलका की जड, एवढ्याचकडे लक्ष द्यायचे. ‘पुढे काय’ हे ओझे उतरले की पोट आत ओढण्याची गरजही कमी होत जाते. ज्या भागाची फार लाज वाटते तो भाग सुरुवातीला वगळला तरी चालतो.

त्याआधी बोलावे लागते, आणि इथे चांगले नवरेही फसतात. ‘मी जाड दिसते का रे?’ याला ‘छे, काहीतरीच काय’ हे उत्तर प्रेमाचे असते, पण ते संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. मग तोच प्रश्न पुन्हा येतो. समुपदेशक अशा वेळी दिसण्याच्या वादातून बाहेर यायला सांगतात. ‘तू उठून गेलीस की मला वाटतं, तुला मी नको आहे’ हे वाक्य नवऱ्याकडून ऐकल्यावर अनेक बायकांना पहिल्यांदा कळते की तो रागावलेला नव्हता, बिचकला होता. तिनेही ‘मला तू नको असं नाही, मला माझ्या पोटाची लाज वाटते’ एवढे म्हटले, तरी दोघांनी मनात लावलेले दोन चुकीचे अर्थ एकाच वेळी गळून पडतात. अर्थात सगळीच माणसे इतकी समजूतदार नसतात. नवराच वजनावरून टोमणे मारत असेल, तर बायकोला आरशासमोर सराव करायला लावणे हा अन्याय आहे. तिथे बदलायचे त्याने.

काही वेळा हा घरगुती सराव थांबवायला हवा. जेवण टाळणे, चोरून भरपूर खाऊन मग उलटी काढणे, दिसण्याच्या विचारात दिवसाचे तासन् तास जाणे, बाळंतपणानंतर सतत रडू येणे किंवा जगणे नकोसे वाटणे, यांतले काहीही असेल तर मानसोपचारतज्ज्ञच लागतो. सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनी आणि स्टेरॉइड्सनी वजन वाढते. तेव्हा गोळी मनाने बंद न करता लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच पर्याय विचारावा.

वाचकांना मात्र एक विनंती. लग्नसराईत कुणी दोन वर्षांनी भेटले, तर ‘सुटलीस’, ‘वाळलास’ यातले काहीच म्हणू नका. आणि ‘मी काढते’ म्हणून जी मोबाइल मागेल, तिच्या हातून तो एका फोटोपुरता काढून घ्या. ती नको म्हणाली, तर चारचौघांत आग्रह करू नका.