बव्हेरियातलं प्रगतिपुस्तक वाचताना

म्युनिकमधल्या मराठी घरात मूल चौथीत गेलं की आईवडिलांची खरी कसोटी मे महिन्याच्या सुरुवातीला लागते. शाळा त्या वेळी एक वेगळं प्रगतिपुस्तक देते. पाचवीला मूल गिम्नाझियममध्ये जाणार, रेआलशूलमध्ये की मिटेलशूलमध्ये, हे त्यावरून ठरतं. आईवडिलांना जर्मन येत नसेल तर ते मराठीत समजावून सांगायची वेळ माझ्यासारख्यांवर येते.

पहिला घोळ आकड्यांचा. जर्मनीत १ हा सर्वांत चांगला शेरा आणि ६ सर्वांत वाईट. ३ ला 'बेफ्रीडिगेंड' म्हणतात. कोशाप्रमाणे त्याचं 'समाधानकारक' होतं, पण आपल्याकडे हा शब्द जेमतेम मुलासाठी वापरतात, म्हणून तो वाचून वडील मुलावर रागावतात. वास्तविक ३ चा अर्थ, काम सर्वसाधारणपणे अपेक्षेप्रमाणे आहे. ४ म्हणजे उणिवा आहेत, तरी एकंदरीत चालण्याजोगं. ५ म्हणजे अपेक्षा पूर्ण होत नाहीत, पण पाया आहे आणि काही काळात कसर भरून निघेल. म्हणून मी नुसता शब्द बदलत नाही, शेजारी हा अर्थही लिहितो. टक्के मात्र लिहीत नाही. ३ म्हणजे अमुक टक्के असं सर्व शाळांना लागू होणारं कोष्टक नाही, आणि आपल्या अ-१, ब-२ शी जोडी लावली तर ती अंदाजाचीच ठरते.

आता निर्णयाचा भाग. फक्त तीन विषय धरतात: जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास. एखाद्या मुलीला जर्मनमध्ये ३, गणितात २, परिसर अभ्यासात २ मिळाले, तर बेरीज ७ आणि सरासरी २.३३. सरकारी गिम्नाझियमची मर्यादा नेमकी हीच, म्हणजे तिला थेट प्रवेश मिळतो. गणितातही ३ असता तर बेरीज ८, सरासरी २.६६, ही रेआलशूलची मर्यादा. एका शेऱ्याने वाट बदलते ती अशी. छापील कागदावर दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो. मराठीत लिहिताना मी तिथे टिंब देतो.

मर्यादेबाहेर गेलेल्या मुलासाठीही दार बंद होत नाही. गिम्नाझियममध्ये किंवा रेआलशूलमध्ये जर्मन आणि गणिताचे चाचणीवर्ग असतात, तिथे मुलाला पुन्हा संधी मिळते. आईवडिलांना हे सांगायचं राहून जातं, ते माझ्या मते सर्वांत मोठं नुकसान.

शेऱ्यांखालची वाक्यंही जपून वाचावीत. 'ती प्रयत्न करते' एवढंच लिहिलेलं असेल, तर शिक्षकांना बहुतेक वेळा म्हणायचं असतं की अजून जमत नाही. अशा वाक्याला मराठीत कौतुकाचा रंग देऊ नये.

शाळेच्या परिपत्रकाच्या तळाशी कापून परत द्यायची पट्टी असते. भाषांतराला बसण्याआधी तिच्यावरची तारीख आईवडिलांना फोन करून कळवा.