उत्पन्न वाढलं, नोकऱ्या घटल्या?

अमेरिकेचं राष्ट्रीय उत्पन्न एक अब्ज डॉलरने वाढलं की देशातल्या सुमारे 35,800 नोकऱ्या कमी होतात. 1947 ते 1962 या सोळा वर्षांची खरी आकडेवारी रिग्रेशनला दिली की हेच उत्तर मिळतं. आकडेमोडीत चूक नाही, आकडे खोटे नाहीत, आणि सूत्र वास्तवाशी 99.5 टक्के जुळतं. तरीही या उत्तरावर कुणी विश्वास ठेवू नये. का, ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण हीच पद्धत वापरून काढलेले निष्कर्ष आपण रोज वर्तमानपत्रांत वाचतो: अमुक खाल्लं की आयुष्य वाढतं, तमुक शिकलं की पगार वाढतो.

ही आकडेवारी जेम्स लाँगले यांनी 1967 साली अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापली. त्यांचा हेतू वेगळा होता. त्या काळचे संगणक-प्रोग्रॅम रिग्रेशनची उत्तरं बरोबर देतात का, हे त्यांना तपासायचं होतं. त्यासाठी त्यांनी मुद्दाम अवघड आकडे निवडले, आणि काही प्रोग्रॅमची उत्तरं हाताने काढलेल्या उत्तराशी जुळेनात. आजचे संगणक ते गणित बिनचूक करतात. पण आकड्यांमधली अवघड जागा तिथेच आहे, आणि ती संगणकाच्या अचूकतेने सुटणारी नाही.

लाँगले यांच्या तक्त्यात दरवर्षी किती लोक नोकरीत होते हा आकडा आहे, आणि त्याचं स्पष्टीकरण देण्यासाठी सहा रकाने आहेत: किमतींचा निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न, बेरोजगारांची संख्या, सैन्यबळ, चौदा वर्षांवरील लोकसंख्या आणि सन. रिग्रेशनचं काम या सहांपैकी प्रत्येकाचा वाटा वेगळा काढणं हे असतं. उत्पन्नाचा वाटा म्हणजे बाकीचे पाच रकाने जागच्या जागी ठेवून फक्त उत्पन्न वाढवलं, तर नोकऱ्यांमध्ये होणारा फरक.

आता तक्ता बघा. 1947 साली उत्पन्न 234 अब्ज डॉलर होतं, 1962 साली 555 अब्ज. त्याच काळात लोकसंख्या 10 कोटी 76 लाखांवरून 13 कोटींवर गेली आणि किमतींचा निर्देशांक 83 वरून 117 वर. सन तर दरवर्षी एकाने वाढणारच. चारही रकाने हातात हात घालून वर चढतात. उत्पन्न आणि सन यांच्यातला सहसंबंध 0.995 आहे, म्हणजे जवळजवळ पूर्ण. लोकसंख्या, किंमत आणि सन स्थिर राहून एकटं उत्पन्न वाढलं, असं वर्ष या सोळांत एकही नाही. एकाच जुवाला जुंपलेल्या बैलांपैकी कोणी किती ओढलं, हे गाडी किती लांब गेली यावरून कसं सांगणार? रिग्रेशनला आपण नेमकं तेच विचारत असतो. ते उत्तर नाकारत नाही, काहीतरी आकडा देतंच. स्पष्टीकरणाचे रकाने असे एकमेकांत गुंतलेले असण्याला मल्टिकोलिनिअ‍ॅरिटी म्हणतात.

ही गुंतागुंत मोजता येते. उत्पन्नाचा आकडा बाकीच्या पाच रकान्यांवरून किती ओळखता येतो, ते आधी पाहायचं. इथे तो 99.94 टक्के ओळखता येतो. उत्पन्नाची स्वतःची, इतर कुणातही नसलेली माहिती उरते ती जेमतेम 0.06 टक्के, आणि नोकऱ्यांवरच्या परिणामाचा अंदाज तेवढ्यावरच बांधायचा. या उरलेल्या हिश्शाने एकाला भागलं की जो आकडा येतो त्याला व्हीआयएफ म्हणतात. इथे तो सुमारे 1788 आहे. साधारण 10 च्या पुढे गेला की संशोधक सावध होतात, काही जण 5 लाच. 1788 चं वर्गमूळ 42. याचा अर्थ, रकाने एकमेकांपासून स्वतंत्र असते तर उत्पन्नाच्या अंदाजात जेवढी अनिश्चितता राहिली असती, तिच्या 42 पट अनिश्चितता आता आहे.

म्हणून 35,800 हा एकटा आकडा फसवा आहे. त्याच्या भोवतीची 95 टक्के विश्वासाची मर्यादा काढली तर ती सुमारे 1 लाख 11 हजार नोकऱ्या घटण्यापासून 40 हजार नोकऱ्या वाढण्यापर्यंत पसरते. वाढ की घट, एवढंही हा तक्ता सांगू शकत नाही. बाकीचे पाचही रकाने काढून टाकले आणि एकट्या उत्पन्नाशी नोकऱ्या जोडून पाहिल्या, तर उत्तर चक्क उलटं येतं: एक अब्ज डॉलरमागे सुमारे 34,700 नोकऱ्यांची वाढ. आकार जवळपास तोच, चिन्ह मात्र विरुद्ध.

दुसरी खूण याहून सोपी आहे. सोळांपैकी शेवटची दोन वर्षं वगळून तेच गणित पुन्हा करायचं. लोकसंख्येचा वाटा पूर्ण तक्त्यात दर हजार माणसांमागे 51 नोकऱ्यांची घट असा येतो (तोही अजबच). दोन वर्षं काढली की घटीच्या जागी जवळपास तेवढीच वाढ येते. किमतींचा वाटा आधी निर्देशांकाच्या एका अंकामागे पंधरा हजार नोकऱ्यांची वाढ असा होता, तो शून्याच्या खाली घसरतो. दोन ओळी पुसल्यावर जे निष्कर्ष असे कोलमडतात, ते अर्थव्यवस्थेचे नियम नव्हेत.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. सगळेच रकाने बिघडलेले नाहीत. सैन्यबळ युद्धाप्रमाणे कमीजास्त झालं, बाकीच्यांसोबत सरळ चढलं नाही. त्याचा व्हीआयएफ फक्त 3.6 आहे आणि त्याचा अंदाज बराच पक्का आहे. शिवाय ही जोडणी जोवर तशीच टिकून आहे, तोवर पूर्ण सूत्रावरून एकूण नोकऱ्यांचा अंदाज चांगलाच बांधता येतो. बिघडतं ते एकेकाचा वाटा सांगणं. आणि बहुतेक शोधनिबंध लिहिले जातात ते नेमके हा वाटा सांगण्यासाठी. एखादा रकाना काढून टाकून व्हीआयएफ खाली आणणं हाही उपाय नव्हे, कारण काढलेल्या रकान्याचा परिणाम मग उरलेल्याच्या नावावर जमा होतो. वर 34,700 नोकऱ्यांची वाढ दिसली, तिच्यात लोकसंख्यावाढीचाही हात आहेच. खरा उपाय म्हणजे वेगळी माहिती मिळवणं, ज्यात उत्पन्न आणि लोकसंख्या वेगवेगळ्या दिशांनी गेलेली असतील. ती नसेल तर स्पष्ट लिहावं की या आकड्यांवरून हा वाटा वेगळा काढता येत नाही.

दुसरी अडचण वेगळ्याच जातीची आहे, आणि तिचं जुनं, चांगलं उदाहरण बेल्जियममध्ये सापडतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिथल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची माहिती गोळा झाली. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी 1857 साली तिच्या आधारे दाखवलं की घर जितकं गरीब, तितका उत्पन्नाचा मोठा हिस्सा अन्नावर जातो. त्यातल्या 235 कुटुंबांचे आकडे आजही शिकवताना वापरले जातात. उत्पन्न आणि अन्नखर्च यांची रेघ काढली तर दर एक फ्रँक जादा उत्पन्नामागे अन्नखर्च सुमारे 49 सेंटिमने वाढतो.

मात्र आलेखावरचे ठिपके पाहिले की रेघेची गोष्ट अपुरी वाटू लागते. डावीकडे, गरीब घरांचे ठिपके रेघेला चिकटून आहेत; उजवीकडे जाताना ते पंख्यासारखे पसरत जातात. कारण साधं आहे. हातात पैसा नसलेल्या घराला अन्नावर कमी खर्च करण्याची सोय नसते आणि जास्त खर्चाची ऐपत नसते. बऱ्यापैकी उत्पन्नाचं घर मात्र मांस-मच्छीवर उधळू शकतं किंवा साध्या जेवणावर भागवून उरलेला पैसा साठवू शकतं. साधी रिग्रेशन पद्धत धरून चालते की रेघेभोवतीची ही पसरण सगळीकडे सारखीच आहे. ती तशी नसणं म्हणजे हेटेरोस्केडॅस्टिसिटी.

यामुळे 49 सेंटिमचा आकडा एकीकडे झुकत नाही. चुकते ती त्याच्यासोबत छापलेली खात्री. निष्कर्ष ‘लक्षणीय’ आहे की नाही हे सांगणारी तारांकित चिन्हं ज्या प्रमाण त्रुटीवर उभी असतात, तीच चुकीची निघते. हॅलबर्ट व्हाइट यांनी 1980 मध्ये ती दुरुस्त करण्याची रीत सांगितली आणि ‘रोबस्ट’ त्रुटी हा शब्द अर्थशास्त्राच्या निबंधांत रुळला. पण ही दुरुस्ती लावून पुढे जाणाऱ्यांच्या हातून एक गोष्ट निसटते: पसरण हीच कधीकधी खरी बातमी असते. कोंकर आणि बॅसेट यांनी 1982 मध्ये हेच बेल्जियन आकडे हाती घेऊन वेगळी रीत लावली. एका सरासरी रेघेऐवजी अन्नावर तुलनेने सर्वांत कमी खर्च करणाऱ्या घरांची एक रेघ आणि सर्वांत जास्त करणाऱ्यांची दुसरी, अशा रेघा या रीतीने काढता येतात. आज त्या दोन टोकांना, म्हणजे खालच्या आणि वरच्या पाच टक्क्यांच्या सीमेवर काढल्या, तर पहिलीचा चढ फ्रँकमागे 34 सेंटिम येतो, दुसरीचा 71. सरासरी 49 खाली एवढी मोठी तफावत झाकली गेली होती, आणि ती पाहायला एक आलेख पुरला असता.

हा आलेख निबंधांत का दिसत नाही? सॉफ्टवेअर न मागता सहगुणक आणि तारे छापतं. रेसिड्यूअलचा आलेख मात्र मागावा लागतो. जर्नलच्या पानांनाही मर्यादा असते. आणि काही वेळा, हे माझं मत, तपासणीत जे दिसेल ते निष्कर्षाला जड जाईल याची धास्ती असते.

आन्या अर्न्स्ट आणि कॅस्पर अल्बर्स यांनी 2017 मध्ये चिकित्सा-मानसशास्त्राच्या बारा जर्नलांमधले निबंध तपासले. रिग्रेशन वापरणाऱ्या निबंधांपैकी 92 टक्के निबंधांत गृहीतकं कशी तपासली हे स्पष्ट नव्हतं. 4 टक्के निबंधांनी तर चुकीचंच गृहीतक धरलं होतं: मोजलेले आकडे स्वतःच घंटेच्या आकारात विभागलेले असावेत, असं त्यांना वाटत होतं. अट असते ती त्रुटींबाबत, आणि नमुना मोठा असेल तर तीही फारशी नडत नाही. म्हणजे जे तपासायची गरज नाही त्यावर श्रम गेले, आणि जे तपासायला हवं त्याचा पत्ता नाही.

विद्यापीठांत प्रबंधांवर सह्या करणाऱ्या मार्गदर्शकांना माझी विनंती आहे. रिग्रेशनचा तक्ता असलेल्या प्रत्येक प्रबंधाच्या परिशिष्टात तीन गोष्टी मागा: रकान्यांचे आपसातले सहसंबंध, त्यांचे व्हीआयएफ आणि रेसिड्यूअलचा आलेख. दोन पानांत हे सगळं बसतं. ती दोन पानं नसतील, तर सही करू नका.