४७७ चा ताळा

फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये क्रेनचा गँट्री गर्डर नेहमी उलटाच दिसतो. कारखान्यात बसल्यावर जो चॅनेल वर असेल आणि ज्यावरून क्रेनचा रूळ जाईल, तो इथे लोखंडी घोड्यांवर पन्हाळीसारखा उताणा ठेवलेला असतो आणि त्या पन्हाळीत बीम डोक्यावर उभा असतो. याचं कारण तिथे वाकून पाहिलं की कळतं. बीमच्या फ्लँजची कड आणि चॅनेलची उभी बाजू यांच्यामध्ये जेमतेम ४१ मिलिमीटरची फट असते. गर्डर सुलटा असताना या फटीत खालून वर तोंड करून वेल्डिंग करायचं म्हणजे वितळलेलं लोखंड अंगावर घ्यायचं. उलटा केला की तोच जोड हाताखाली येतो.

गेल्या महिन्यात भोसरीच्या एका शेडमध्ये असाच एक गर्डर तपासायला उभा होतो. ४०० मिलिमीटर उंचीचा आयएसएमबी ४०० बीम आणि त्यावर पालथा घातलेला आयएसएमसी २५० चॅनेल. आपल्याकडच्या लहान क्रेनसाठी ही जोडी सर्रास वापरली जाते. तिचं गणित मी आठवडाभर आधी ऑफिसात तपासलं होतं. त्या गणितातला एक आकडा मला या शेडमध्ये पुन्हा भेटला, म्हणून हे लिहितो आहे.

ऑफिसात आमच्याकडे नवीन लागलेली एक मुलगी पत्रक घेऊन आली. म्हणाली, "सर, आय तेहतीस हजार आलाय. डिफ्लेक्शनही बसतंय." आय म्हणजे मोमेंट ऑफ इनर्शिया, वाकण्याला छेद किती विरोध करतो ते सांगणारा आकडा. मी म्हटलं, "बस, आपण पहिल्यापासून मांडू."

स्टील टेबलमध्ये बीमचं क्षेत्रफळ ७८.४६ चौरस सेंटिमीटर आहे आणि चॅनेलचं ३८.६७. पहिला प्रश्न असा, की या दोघांचं मिळून क्षेत्रकेंद्र, म्हणजे सेंट्रॉइड, कुठे येतं? खालच्या कडेपासून मोजू. बीम वरखाली सारखा असल्याने त्याचं केंद्र २० सेंटिमीटरवर. चॅनेलचं केंद्र मात्र त्याच्या पाठीपासून २.३० सेंटिमीटर आत असतं. पाठ म्हणजे वेबची बाहेरची बाजू. चॅनेल पालथा असल्यामुळे ही पाठ सगळ्यात वर आहे. वेबची जाडी ७.१ मिलिमीटर धरून गर्डरची एकूण उंची ४०.७१ सेंटिमीटर होते, त्यातून २.३० वजा केले की चॅनेलचं केंद्र ३८.४१ वर येतं. चॅनेल बीमच्या वर ठेवला असला तरी त्याचं केंद्र बीमच्या माथ्याच्या खाली आहे, कारण त्याचे दोन्ही पाय खाली लोंबतात. हे चित्र डोळ्यांसमोर नसेल तर हा आकडा हमखास चुकतो.

आता प्रत्येक क्षेत्रफळ त्याच्या उंचीने गुणायचं. बीमचे १५६९, चॅनेलचे १४८५, बेरीज ३०५४. तिला एकूण ११७.१३ ने भागलं की २६.०८ सेंटिमीटर. नुसत्या बीमचं केंद्र २० वर होतं, चॅनेलने ते सहा सेंटिमीटर वर ओढलं.

इथे पुढे जाण्याआधी मी नेहमी ताळा करतो. नव्या केंद्रापासून बीमचं केंद्र ६.०८ सेंटिमीटर खाली आहे आणि चॅनेलचं १२.३३ वर. तराजूच्या दोन पारड्यांसारखं हे जुळलं पाहिजे. ७८.४६ गुणिले ६.०८ म्हणजे ४७७. ३८.६७ गुणिले १२.३३ म्हणजेही ४७७. जुळलं. हे जुळत नसेल तर पुढचं सगळं थांबवायचं आणि उंच्या पुन्हा बघायच्या.

मग येतो समांतर अक्षाचा सिद्धांत. टेबलमध्ये प्रत्येक तुकड्याचा आय त्याच्या स्वतःच्या केंद्रातून जाणाऱ्या अक्षाभोवती दिलेला असतो. गर्डर वाकताना दोन्ही तुकडे एकाच सामाईक अक्षाभोवती वाकतात. म्हणून प्रत्येकाचा आय त्या अक्षावर न्यावा लागतो, आणि नेताना क्षेत्रफळ गुणिले अंतराचा वर्ग इतकी भर पडते:

I = Ig + A·d²

बीमचा स्वतःचा आय २०,४५८, भर २,९००. चॅनेलची भर ५,८८०. अंतराचा वर्ग होतो, म्हणूनच क्षेत्रफळाने बीमच्या निम्मा असलेला चॅनेल बीमच्या दुपटीने भर घालतो. राहिला चॅनेलचा स्वतःचा आय, आणि पत्रकातली चूक नेमकी तिथेच होती.

टेबलमध्ये या चॅनेलपुढे दोन आकडे आहेत, ३,८१७ आणि २१९. मुलीने पहिला घेतला होता. बीमसाठी तिने पहिल्या रकान्यातला आकडा घेतला, म्हणून चॅनेलसाठीही तोच रकाना. पण टेबलमधला चॅनेल उभा असतो आणि आपला आडवा पडला आहे. पडल्यावर त्याचा उभा अक्ष आडवा होतो. म्हणून आपल्या कामाचा आकडा २१९.

मी तिला विचारलं, "टेबल न उघडता ही चूक कशी पकडशील?" ती विचारात पडली. मी सांगितलं, "आयला क्षेत्रफळाने भाग आणि वर्गमूळ काढ." ३,८१७ भागिले ३८.६७, वर्गमूळ जवळपास ९.९ सेंटिमीटर. हे अंतर म्हणजे तुकड्याचं क्षेत्रफळ अक्षापासून सरासरीने, वर्गाच्या हिशेबाने, किती लांब आहे त्याचं माप. आता आडव्या चॅनेलची अख्खी उंचीच ८ सेंटिमीटर. आठ सेंटिमीटरच्या वस्तूतलं लोखंड तिच्याच केंद्रापासून सरासरी ९.९ सेंटिमीटर दूर कसं असेल? २१९ घेतलं तर २.४ येतं, ते पटतं. ती लगेच म्हणाली, "म्हणजे हा उभ्या चॅनेलचा आकडा आहे, सर."

खरी बेरीज २९,४५७ सेंमी⁴. तिची ३३,०५५ होती, म्हणजे १२ टक्के फुगलेली. गाळा ७.५ मीटरचा होता. पन्नास टनांपर्यंतच्या विजेच्या क्रेनसाठी आयएस ८०० मध्ये डिफ्लेक्शनची मर्यादा गाळ्याच्या ७५० व्या भागाइतकी आहे, म्हणजे इथे १० मिलिमीटर. पत्रकात ९.२ होतं. खरा आय घातल्यावर ते १०.३ झालं. मर्यादेत बसलेला गर्डर मर्यादेबाहेर गेला. तो बीम आम्ही बदलला नाही, खांबांमध्ये ब्रॅकेट वाढवून गाळा थोडा कमी केला.

ती पुढे म्हणाली, "तरी नुसत्या बीमपेक्षा आय ४४ टक्क्यांनी वाढला ना?" वाढला. पण वाकण्याने येणारा ताण आयला कडेपर्यंतच्या अंतराने भागून ठरतो, आणि केंद्र वर सरकल्यामुळे खालची कड आता २६.०८ सेंटिमीटर दूर गेली. २९,४५७ भागिले २६.०८ म्हणजे १,१३०. नुसत्या बीमसाठी हाच आकडा १,०२३ होता. मीटरमागे ३०.४ किलो लोखंड वाढवलं, म्हणजे वजन जवळजवळ निम्म्याने वाढलं, आणि खालच्या फ्लँजच्या पदरात फक्त १० टक्के पडले. वरच्या कडेला मात्र तो आकडा २,०१३ झाला, जवळपास दुप्पट.

मग चॅनेल घालायचा कशाला? क्रेनची ट्रॉली सुरू होताना आणि थांबताना रुळाला आडवा धक्का देते, आणि आडव्या दिशेने बीम फार लवचीक असतो, त्याचा त्या दिशेचा आय फक्त ६२२. तिथे चॅनेलचा तो मोठा ३,८१७ पूर्णपणे कामाला येतो. दोघांची केंद्रं एकाच उभ्या रेषेवर असल्याने अंतर शून्य, समांतर अक्षाची भर काहीच नाही, सरळ बेरीज ४,४३९. सातपट. पत्रकात चुकीच्या जागी पडलेला आकडा खरा या जागेचा होता.

आता परत शेडमध्ये. त्या २९,४५७ मधले ८,७८०, म्हणजे दोन भरींची बेरीज, वेल्डच्या जिवावर आहेत. बीमवर चॅनेल नुसता ठेवला तर दोघं आपापल्या अक्षाभोवती वाकतील, एकमेकांवर सरकतील, आणि आय २०,६७७ च्या पुढे जाणार नाही. ही सरक वेल्ड अडवतो. किती जोर लागतो? कातरबल गुणिले ४७७, भागिले आय. तराजूतला तोच ४७७ इथे पुन्हा येतो. १५० किलोन्यूटन कातरबल धरलं तर मिलिमीटरमागे २४३ न्यूटन, दोन बाजूंच्या वेल्डमध्ये वाटून प्रत्येकी सुमारे १२१. सहा मिलिमीटरचा चांगला फिलेट याच्या सहापटीहून अधिक पेलतो. म्हणून गणितात वेल्ड कधी अडत नाही. अडतो तो प्रत्यक्षात.

रोल केलेल्या चॅनेलचा वेब आतून अगदी सपाट नसतो. त्या दिवशी मी फीलर गेजची पट्टी घेऊन फ्लँज आणि चॅनेल यांच्यामध्ये सरकवून पाहत होतो. मधल्या दोन मीटरात ती आत जात होती. तिथे वेल्डचा गळा कागदावर आहे तेवढा भरत नाही, आणि चाकाचं वजनही टेकलेल्या जागेऐवजी वेल्डमधूनच खाली उतरतं. तिथे क्लँप घट्ट आवळून फट बंद करून मगच वेल्ड करायला सांगितलं.

वेल्डर अनुभवी होते. त्यांनी आधी गर्डरच्या दोन टोकांमध्ये दोरी ताणून बांधली होती. मी विचारलं, "काका, दोरी कशाला?" ते म्हणाले, "हा उलटा असताना मधोमध वर फुगतो. सुलटा केला की पोट पडतं. म्हणून मधून सुरू करायचं, दोन्ही बाजूंना थोडं थोडं जायचं आणि दोरी बघत राहायची." त्यांचं म्हणणं केंद्राच्या भाषेत असं: दोन्ही वेल्ड ४० सेंटिमीटर उंचीवर आहेत, क्षेत्रकेंद्र २६ वर. थंड होताना वेल्ड आकसतो आणि केंद्रापासून १४ सेंटिमीटर दूर राहून गर्डरला ओढतो. वेल्ड केंद्रावर असता तर गर्डर नुसता किंचित आखूड झाला असता, वाकला नसता.

जोडछेदाचं गणित तपासायला घ्याल तेव्हा शेवटच्या आयकडे पाहण्याआधी दोन गोष्टी करा: प्रत्येक तुकडा टेबलमधल्यासारखाच उभा आहे की आडवा पडलाय ते चित्र काढून बघा, आणि दोन्ही पारड्यांतला आकडा जुळतो का ते बघा. आमच्या पत्रकावर आता तो आकडा आयच्या आधी, वेगळ्या ओळीत लिहिलेला असतो.