नुकसानीची दूरता
(संविदा). संविदाभंगामुळे झालेल्या हानीपैकी कोणत्या हानीची भरपाई मागता येते, हे ठरविणारे तत्त्व. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ नुसार नेहमीच्या व्यवहारक्रमात उद्भवणारी स्वाभाविक हानी, तसेच भंग झाल्यास संभवेल असे उभय पक्षांना संविदा करतानाच ठाऊक असलेली विशेष हानी भरून मिळते. दूरची व अप्रत्यक्ष हानी मिळत नाही. ‘हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल’ (१८५४) या इंग्लिश निर्णयात या तत्त्वाचे मूळ आहे.

समजा, कर्जतच्या भातगिरणीचा यंत्रभाग खालापूर तालुक्यातील खोपोलीहून आणण्यास वाहतूकदाराने चार दिवस अवाजवी विलंब केला. त्या भागाअभावी गिरणी बंद आहे हे त्याला सांगितले नसेल, तर बुडालेला नफा मिळत नाही. कारण गिरणीत जादा भाग असणे शक्य असते. आधी सांगितले असल्यास, रोजचा सरासरी नफा १,००० रु. धरून, ४,००० रु. मिळतील. मात्र या काळात हातचे गेलेले, वाहतूकदाराला अज्ञात असलेले मोठे कंत्राट हिशेबात धरले जात नाही. संविदा झाल्यानंतर दिलेली माहितीही त्याचे दायित्व वाढवीत नाही.